पाच किलोंचे गणित



‘गरीब कुटुंबांना स्वस्त धान्य देण्यापेक्षा थेट रोख रक्कम देणे अधिक हिताचे आहे’ या विषयाच्या बाजूने मी उभी आहे. आधी एक गैरसमज दूर करते. गरिबांवरचा खर्च कमी करा, असे मी म्हणत नाही. सरकार आज अन्न अनुदानावर वर्षाला सुमारे दोन लाख कोटी रुपये खर्च करते. त्यातला एकही रुपया कापू नये, असेच माझे मत आहे. तो रुपया गोणीतून घरात यावा की बँकेच्या खात्यातून, एवढाच आज वादाचा मुद्दा आहे. गोणीची बाजू घेणारे म्हणतात की धान्य मिळाले तर माणूस जेवेल आणि पैसे मिळाले तर ते उडवेल. हे म्हणणे मनाला पटकन पटते, म्हणून ते आकड्यांवर घासून बघू.

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी 2023 पासून हे धान्य पूर्ण मोफत मिळते. आता दुसरा आकडा घ्या. 2022-23 च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात एक माणूस महिन्याला साधारण साडेनऊ किलो तृणधान्य खातो. म्हणजे रेशनच्या 5 किलोंत त्याचा महिना भागत नाही. उरलेले चार-साडेचार किलो तो बाजारातूनच आणतो.

माझ्या भाषणाचा पाया या दोन आकड्यांमध्ये आहे, म्हणून इथे जरा थांबते. समजा, परभणी जिल्ह्यातल्या एका गावात पाच माणसांचे कुटुंब आहे. महिन्याला त्यांना साडेसत्तेचाळीस किलो धान्य लागते. पंचवीस किलो ‘कंट्रोल’मधून येते, साडेबावीस किलो ते विकत घेतात. बाजारात धान्याचा भाव 30 रुपये किलो आहे, असे धरू. रेशन नसते तर त्यांना आणखी 25 किलो विकत घ्यावे लागले असते, म्हणजे 750 रुपये जास्त मोजावे लागले असते. रेशनमुळे ते 750 रुपये वाचले आणि त्या पैशांतून त्यांनी मुलाची वही आणली, तेल आणले, कदाचित बिडीही आणली. धान्य मात्र त्यांनी आधी जितके खाल्ले असते जवळजवळ तितकेच खाल्ले. दोन घास वाढले असतील तर ते खिशात पैसे राहिले म्हणून वाढले, आणि तेवढे तर रोख मिळाल्यावरही वाढतात. ज्याला मिळणाऱ्या वाट्यापेक्षा जास्त धान्य लागते, त्याच्या हातात धान्य दिले काय आणि त्या धान्याच्या बाजारभावाइतके पैसे दिले काय, त्याच्या ताटात फरक पडत नाही. अर्थशास्त्राचा साधा सिद्धांत हेच सांगतो. तेव्हा ‘धान्य दिले की ते धान्यच खातात’ ही समजूत बहुतेक घरांच्या बाबतीत चुकीची आहे. मोफत धान्य मिळाल्यावर त्या घराचा हात सैल होतो आणि सुटलेला पैसा त्याला हवा तिथे जातो. गोणी देऊन आपण त्याच्या खर्चावर ताबा ठेवतो, असे आपल्याला वाटते, पण तो ताबा आपल्याकडे कधीच नसतो.

मग समोरचे मित्र विचारतील, फरकच पडत नसेल तर धान्यच चालू राहू द्या, बदलायचे कशाला? फरक पडतो तो दोन ठिकाणी. काही घरांना ते धान्य त्या प्रमाणात नकोच असते. आणि ते धान्य घरापर्यंत पोहोचवायला सरकारला जो खर्च येतो, तो त्या घराला मिळणाऱ्या फायद्यापेक्षा बराच मोठा असतो.

पहिली गोष्ट आधी घेते. आपल्या मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी खाल्ली जाते. रेशनमध्ये येतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. समजा, मघाच्याच कुटुंबाला 25 पैकी 10 किलोच गहू-तांदूळ हवा आहे. मग उरलेल्या 15 किलोंचे काय होते, हे खेड्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. वाटप झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवर पोती बांधून फेरीवाला येतो. दारात उभा राहून ‘तांदूळ देता का, तांदूळ?’ अशी हाक मारतो आणि हातातल्या ताणकाट्यावर पिशवी लटकवतो. काटा किती खरा आहे, हे त्यालाच ठाऊक. आमच्या शेजारच्या काकूंना मी एकदा विचारले, ‘काकू, इतक्या स्वस्तात कशाला देता?’ त्या म्हणाल्या, ‘मग काय करू बाई? घरात ठेवला तर किडे होतात, आणि लेकरं भाकरीच मागतात.’ काकू आळशी नाहीत आणि सरकारला फसवतही नाहीत. त्या आपल्या घराचा विचार करतात, एवढेच.

आता हिशोब करा. फेरीवाल्याने 15 रुपये किलोने घेतले असे धरले, तर 15 किलोंचे काकूंना 225 रुपये मिळाले. धान्याऐवजी 750 रुपये रोख मिळाले असते, तर 10 किलो गहू-तांदळाचे 300 रुपये देऊन त्यांच्या हातात 450 रुपये उरले असते. ते ज्वारीला गेले असते, डाळीला गेले असते, कशालाही. उरलेले 225 रुपये वाटेत गेले. ते सरकारच्या खिशातून निघाले, पण काकूंच्या पदरात पडले नाहीत. मी धरलेले भाव तुम्ही हवे तर बदलून पाहा. विकायचा भाव घ्यायच्या भावापेक्षा कमी आहे तोवर हे नुकसान राहणारच, आणि तो नेहमी कमीच असतो.

आता सरकारच्या बाजूचा खर्च. एक किलो तांदूळ विकत घेणे, साठवणे, व्याज, बारदान, हमाली आणि वाहतूक हे सगळे धरून भारतीय अन्न महामंडळाला 2023-24 मध्ये सुमारे 39 रुपये खर्च येत होता. गव्हाला सुमारे 27 रुपये. यातला मोठा भाग शेतकऱ्याला मिळालेल्या हमीभावाचा आहे, तो वाया गेला असे मी म्हणणार नाही. पण ही गोणी पंजाबच्या किंवा छत्तीसगडच्या मंडीतून निघते, गोदामात पडून राहते, रेल्वेने येते, ट्रकने तालुक्याला जाते आणि तिथून गावात पोहोचते. या वाटेवर ती हलकी होत जाते. 2022-23 च्या पाहणीच्या आधारे अशोक गुलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या अंदाजानुसार सरकारने उचललेल्या धान्यापैकी 28 टक्के लाभार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. काही अभ्यासकांच्या मते हे प्रमाण त्याहून कमी आहे. 2011-12 मध्ये ते चाळीस टक्क्यांच्या वर होते, म्हणजे सुधारणा झाली आहे आणि ती मी मोकळेपणाने मान्य करते. तरीही 28 टक्के धरून गणित केले तर एक किलो तांदूळ ताटात पडावा म्हणून जवळपास 1.4 किलो रवाना करावा लागतो आणि त्या एका किलोचा खरा खर्च 54 रुपयांवर जातो. त्याच प्रतीचा तांदूळ तालुक्याच्या किराणा दुकानात काय भावाने मिळतो, ते प्रत्येकाने मनात आठवावे.

ही गळती का होते? दुकानदार वाईट आहेत म्हणून, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. खरे कारण असे की एकाच गोणीला दोन किमती आहेत. रेशनच्या दुकानात तिची किंमत शून्य आणि रस्त्याच्या पलीकडच्या अडत्याकडे पंचवीस-तीस रुपये किलो. जिथे अशी तफावत असते तिथे माल कमी भावाकडून जास्त भावाकडे सरकायचा प्रयत्न करतो. तुम्ही पोलीस नेमा, ई-पॉस मशीन लावा, अंगठा घ्या, त्याने चोरी अवघड होते, पण चोरीचा मोह जात नाही. शंभर रुपयांच्या नोटेला मात्र अशा दोन किमती नसतात. ती लाभार्थ्याकडे असो की दुसऱ्या कोणाकडे, शंभरच रुपयांची असते. रोख रकमेत चोरी होत नाही, असे मी म्हणत नाही. खोटी नावे घुसतात, पैसे अडकतात. पण काळ्या बाजारात नेऊन जास्त भावाने विकण्यासारखे त्यात काही नसते, त्यामुळे गळतीचे एक संपूर्ण कारणच नाहीसे होते.

आता पोषणाकडे येते, कारण शेवटी प्रश्न भुकेचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील सुमारे 69 टक्के मुले आणि निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. हा आजार गहू-तांदळाच्या कमतरतेमुळे झालेला नाही. या घरांच्या ताटात कमी आहे ती डाळ, पालेभाजी, अंडी, दूध. आपण मात्र दरमहा पिष्टमय पदार्थाचेच पोते पाठवतो. चीनमध्ये रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या अर्थतज्ज्ञांनी गरीब कुटुंबांना तांदूळ आणि गव्हाच्या पदार्थांवर सवलत देऊन पाहिले. त्यामुळे पोषण सुधारल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. दिल्लीतल्या रघुबीर नगरमध्ये ‘सेवा’ संस्थेने काही गरीब कुटुंबांना रेशनऐवजी वर्षभर दरमहा 1000 रुपये दिले. त्या घरांतले अन्न कमी झाले नाही. उलट धान्याबरोबर डाळी, दूध, अंडी अशा गोष्टींकडे खर्च वळल्याचे अभ्यासकांना दिसले. प्रयोग लहान होता आणि शहरातला होता, त्यावरून सगळ्या देशाचा निकाल लावता येत नाही. पण पैसे हातात आले की गरीब आई लेकरांना उपाशी ठेवते, ही भीती मात्र तिथे खोटी ठरली.

इथे समोरच्या बाजूकडून दारूचा मुद्दा येणारच. तो महत्त्वाचा आहे, मी तो टाळणार नाही. डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या खंडांतल्या रोख मदतीच्या योजनांचे अभ्यास एकत्र करून तपासले. रोख मदतीमुळे दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढतो, असे त्यांना आढळले नाही. आणि मघाचे गणित विसरू नका. दारू प्यायचीच असेल तर रेशनमुळे वाचलेल्या 750 रुपयांतूनही पिता येते आणि विकलेल्या तांदळाच्या 225 रुपयांतूनही. गोणी दारू थांबवत नाही. खात्यावर नाव कोणाचे आहे, यावर मात्र बरेच काही अवलंबून असते. अन्न सुरक्षा कायद्याने घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानलेलेच आहे. रक्कम तिच्याच खात्यात जावी. 2024 पासून लाडकी बहीण योजनेतून दरमहा 1500 रुपये स्त्रियांच्या खात्यात जाऊ लागले. बायकांच्या नावावर खातीच नाहीत, ही सबब त्यानंतर महाराष्ट्रात उरलेली नाही.

आता माझ्या बाजूचे खरोखरच कच्चे दुवे सांगते. माझ्या मते या वादातला सगळ्यात जड भाग हाच आहे.

झारखंडमध्ये रांची जिल्ह्यातल्या नगडी भागात ऑक्टोबर 2017 मध्ये रोख रकमेचा प्रयोग सुरू झाला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तो गुंडाळावा लागला. तिथे काय केले होते पाहा. आधी एक रुपया किलोने मिळणारा तांदूळ 32 रुपये किलोने घ्यायचा आणि फरकाचे 31 रुपये खात्यात येणार. म्हणजे माणसाने आधी बँकेत जाऊन पैसे आले का ते बघायचे, मग बँक मित्राकडून पैसे काढायचे आणि मग त्याच रेशन दुकानात जाऊन तोच तांदूळ घ्यायचा. लोक चिडले आणि त्यांचे चिडणे योग्यच होते. पण ही रोख मदत नव्हती. निवड दिलीच नव्हती, रांगा मात्र एकीच्या तीन झाल्या. नगडीचे उदाहरण रोख रकमेविरुद्ध जे मांडतात, त्यांनी ही रचना नीट वाचावी.

दुसरा कच्चा दुवा आपल्या घरचाच आहे. महाराष्ट्रात विदर्भ आणि मराठवाड्यातल्या 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबांना 2015 पासून माणशी 5 किलो धान्य सवलतीत मिळत होते, गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोने. केंद्राकडून या योजनेसाठी धान्य मिळेनासे झाल्यावर 2023 मध्ये राज्याने त्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये खात्यात द्यायचे ठरवले. पाच किलोंना 150, म्हणजे किलोला 30 रुपये. पुढे ही रक्कम 170 करण्यात आली. मला या निर्णयाची दिशा योग्य वाटते. घर ठरवील की ज्वारी घ्यायची की तूर. पण 150 चे 170 कोणत्या हिशोबाने झाले आणि 170 चे पुढे कधी आणि किती होणार? याचे सूत्र शेतकऱ्याला माहीत नाही. पाच किलो धान्य महागाईतही पाच किलोच राहते, रुपया मात्र दर वर्षी थोडा झिजतो. रोख रकमेचा हा खरा धोका आहे. रक्कम एकदा जाहीर करायची आणि वर्षानुवर्षे तशीच ठेवायची, हा मार्ग सरकारांना फार सोयीचा असतो. तसे झाले तर दहा वर्षांत गरिबाचा हक्क न बोलता अर्धा होईल.

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही. अन्न सुरक्षा कायद्यातच तरतूद आहे की हक्काचे धान्य मिळाले नाही तर लाभार्थ्याला अन्न सुरक्षा भत्ता द्यावा. 2015 च्या नियमांत त्या भत्त्याचा हिशोब हमीभावाच्या सव्वापटीला बांधला आहे. 2025-26 च्या हंगामात गव्हाचा हमीभाव 2,425 रुपये क्विंटल होता. त्याची सव्वापट म्हणजे किलोला 30 रुपयांच्या थोडे वर. हमीभाव वाढला की भत्ता आपोआप वाढतो, त्यासाठी मंत्र्यांच्या घोषणेची वाट पाहावी लागत नाही. रोख रकमेसाठी असेच, पण किरकोळ बाजारभावाला बांधलेले सूत्र कायद्यात घातले पाहिजे. ते नसेल तर मी आज ज्या बाजूने बोलते आहे, ती बाजू सोडून देईन.

तिसरी गोष्ट बाजाराची. जिथे दुकानच नाही तिथे पैसे देऊन उपयोग काय? मेक्सिकोत काही गावांना अन्नपदार्थांचे डबे आणि काही गावांना तेवढ्याच किमतीची रोख रक्कम दिली गेली. जिथे डबे गेले तिथे अन्नाचे भाव थोडे उतरले, जिथे रोख गेली तिथे ते किंचित चढले आणि दुर्गम गावांत हा फरक जास्त होता. कारण सरळ आहे. गावात पैसे वाढले पण माल आणणारा व्यापारी एकच असला, तर भाव तोच ठरवतो. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या पाड्यावर, जिथे पावसाळ्यात रस्ता बंद होतो, तिथे रेशनचे धान्यच राहिले पाहिजे. पण परभणी, लातूर, जालना इथे प्रत्येक मोठ्या गावात किराणा दुकान आहे, आठवडी बाजार आहे, दोन-चार व्यापारी आहेत. तिथे ही अडचण नाही. उलट तिथे काकूंच्या हातातले पैसे आठवडी बाजारात जवळच्याच शेतकऱ्याच्या ज्वारीला आणि तुरीला जातील. आज त्यांच्या नावाने होणारी खरेदी दूरच्या राज्यातल्या गहू-तांदळाची आहे.

दुष्काळात किंवा महामारीत काय करायचे, असेही विचारले जाईल. देशाच्या गोदामात धान्याचा साठा असावा, हे मी मान्य करते. कोरोनाच्या काळात त्याच साठ्याने लोकांना जगवले. पण संकटासाठी साठा ठेवणे वेगळे आणि एरवी दर महिन्याला 81 कोटी लोकांना पोते वाटणे वेगळे.

म्हणून माझी मागणी अशी आहे, अध्यक्ष महोदय. ज्या तालुक्यांत बाजार चालतो, तिथे दर वर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक शिधापत्रिकेवरच्या स्त्रीला विचारावे की पुढचे वर्षभर तिला धान्य हवे की रक्कम. रक्कम बाजारभावाच्या सूत्रानुसार ठरावी. ज्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत पैसे खात्यात जमा होणार नाहीत, त्या महिन्याचे धान्य तिला रेशन दुकानातून मिळावे. ज्या बाईला तांदूळ हवा आहे, तिचा तांदूळ कोणी काढून घेणार नाही. आणि तीन-चार वर्षांनी बहुतेक जणींनी धान्यच निवडलेले दिसले, तर समोरच्या बाजूचे म्हणणे खरे होते, हे मी याच व्यासपीठावरून कबूल करीन. तोपर्यंत काकूंना तांदूळ हवा की ज्वारी, हे दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या कचेरीने ठरवण्याचे कारण मला दिसत नाही.